स्कॅन केलेल्या निगेटिव्हच्या काळ्या पट्ट्या आणि भोकांची कड छाटून खरं चित्र गाठताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, बीड, जालना या भागातल्या घरांमधून माझ्याकडे जुन्या निगेटिव्ह येतात. कुणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कुणाच्या माळवदाखालच्या कोनाड्यात, पिवळ्या पाकिटात सहा-सहाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असतात. आता बरेच जण घरीच स्कॅन करतात आणि मग एकाच जागी अडतात. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, वर-खाली भोकांची रांग, आणि चित्र नेमकं कुठून सुरू होतं ते कळत नाही. इथे मुख्यतः 35 मिलिमीटरच्या रोलबद्दल लिहिलं आहे, कारण घरोघरी तोच जास्त सापडतो.

निगेटिव्ह उजेडात धरली तर दोन फ्रेममधली जागा पारदर्शक दिसते. स्कॅनमध्ये तीच काळी कशी होते?

कारण त्या जागेवर कॅमेऱ्यात उजेड पडलेलाच नसतो. रोल धुतल्यावर तिथली चांदी निघून जाते आणि मोकळी फिल्म उरते. संगणकात निगेटिव्ह उलटवली, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं, की सगळ्यात मोकळी जागा सगळ्यात काळी होते. म्हणून ती पट्टी हा खराबा नाही, त्या फिल्मवर मिळू शकणारा सगळ्यात गडद काळा रंग तो आहे. फोटोतली कुठलीही सावली त्याहून काळी असू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

भोकांचं तसं नाही. तिथे फिल्मच नाही, स्कॅनरचा दिवा थेट आरपार जातो. त्यामुळे उलटवल्यावर भोकं पट्टीपेक्षाही काळी होतात. रंगीत निगेटिव्हमध्ये हा फरक डोळ्यांना सहज दिसतो, कारण मोकळी फिल्म नारिंगी असते आणि भोक पांढरंशुभ्र असतं.

तिसरी कड होल्डरची, म्हणजे स्कॅनरमध्ये फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीची. होल्डर काळं प्लास्टिक असतं, उजेड अडवतं, म्हणून उलटवल्यावर ते पांढरं दिसतं. तर उलटवलेल्या स्कॅनमध्ये पांढरी कड दिसली तर ती होल्डर, काळी दिसली तर मोकळी फिल्म, आणि काळ्यात आणखी काळे गोलसर कोपऱ्यांचे चौकोन दिसले तर ती भोकं. आधी हे तीन वेगळे ओळखा, मगच कात्री चालवा.

मग खरं चित्र कुठे संपतं?

कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे एक चौकोनी खिडकी असते. तिच्या कडेची सावली फिल्मवर पडते, तीच चित्राची हद्द. ठरलेलं माप 36 बाय 24 मिलिमीटर आहे. एका फ्रेमसाठी फिल्म आठ भोकं पुढे सरकते. दोन भोकांमधलं अंतर 4.75 मिलिमीटर, म्हणजे आठ भोकांचे 38 मिलिमीटर. त्यातून 36 गेले की 2 मिलिमीटर उरतात, तीच दोन फ्रेममधली काळी पट्टी.

2400 डीपीआयवर स्कॅन केलं असेल तर एका मिलिमीटरला सुमारे 94.5 पिक्सेल पडतात. म्हणजे चित्र साधारण 3400 बाय 2270 पिक्सेलचं आणि मधली पट्टी 190 पिक्सेलच्या आसपास. पण हे आकडे अंदाजापुरते धरा. प्रत्येक कॅमेऱ्याची खिडकी उलीशी वेगळी असते. मी मोजलेल्यांपैकी कित्येकांची रुंदी 36 पेक्षा थोडी जास्त भरली. म्हणून 3400 चा ठोकळा सगळ्यांवर बसवला तर कुठे काळी रेघ उरेल, कुठे चित्र कापलं जाईल.

आणि ही हद्द ब्लेडने कापल्यासारखी नसते. खिडकी आणि फिल्म यांच्यात केसभर अंतर राहतं, त्यामुळे सावलीची कड काही पिक्सेल विरघळलेली दिसते. त्या विरघळलेल्या भागाच्या आतल्या बाजूला छाटा. तीन-चार पिक्सेल आत गेलं तर चित्राचं काही बिघडत नाही, बाहेर राहिलं तर प्रिंटवर काळी रेघ उमटते.

एक तपासणी मात्र नेहमी करा. चारही बाजूंना मोकळ्या फिल्मची काळी रेघ दिसतेय का? एखाद्या बाजूला ती नसेल आणि चित्र थेट होल्डरच्या पांढऱ्या कडेला भिडत असेल, तर होल्डरनेच चित्र झाकलंय. कित्येक होल्डरची खिडकी 36 बाय 24 पेक्षा थोडी आखूडच केलेली असते. तेव्हा छाटायचा प्रश्नच येत नाही, फिल्म सरकवून पुन्हा स्कॅन करावी लागते.

सॉफ्टवेअर आपोआप कडा छाटतं. मग हाताने कशाला?

भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोला आपोआप चालतं. मागे चुन्याची भिंत आहे, वर पांढरं आभाळ आहे, चित्राच्या कडा पट्टीपासून स्पष्ट वेगळ्या आहेत. तिथे हाताने करायची गरज नाही.

पण ही साधनं कसं ठरवतात ते बघा. GIMP मधलं Crop to Content असो किंवा ImageMagick चं `-trim`, ती कडेच्या पिक्सेलचा रंग घेतात आणि तोच रंग जिथवर सलग दिसतो तिथवर कापत जातात. जुन्या निगेटिव्हवर दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. पट्टीवर धूळ, ओरखडा किंवा काठावरचा छापील आकडा असला की सॉफ्टवेअरला वाटतं इथेच चित्र सुरू झालं, आणि ते काहीच कापत नाही. उलट चित्राची कडच काळोखी असली तर त्याला वाटतं अजून पट्टीच चालू आहे, आणि ते चित्रात शिरतं. पहिली चूक दिसते, म्हणून सुधारता येते. दुसरी चूक दिसत नाही. छाटलेला फोटो नीटनेटका दिसतो आणि त्यातून काय गेलं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी छाटायचं की आधी उलटवायचं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेकांचा क्रम इथेच चुकतो.

मोकळ्या फिल्मची पट्टी आधीच कापून फेकली तर त्या फिल्मचा काळा रंग कळायचा मार्ग जातो. रंगीत निगेटिव्हमध्ये तर नुकसान आणखी मोठं. मोकळ्या फिल्मचा नारिंगी रंग किती आहे हे कळलं तरच तो वजा करता येतो, आणि तो निव्वळ स्वरूपात फक्त पट्टीतच मिळतो. म्हणून छाटण्याआधी पट्टीतल्या स्वच्छ जागेवरून, धूळ आणि छापील आकडे टाळून, तिन्ही रंगांचे आकडे टिपून ठेवा.

दुसऱ्या टोकाची चूक अशी की सगळं तसंच ठेवून Auto Levels दाबायचं. तेव्हा सॉफ्टवेअर भोकांना सगळ्यात काळं धरतं आणि होल्डरला सगळ्यात पांढरं. बिचारं चित्र या दोघांच्या मध्ये दाबलं जातं. सावल्या राखाडी, पांढरा सदरा मळकट. मग लोक म्हणतात निगेटिव्ह उतरलीय, रोल नीट धुतला नव्हता. कित्येकदा निगेटिव्ह ठणठणीत असते.

म्हणून माझा क्रम असा: सोळा बिटांचं, निगेटिव्ह रूपातलंच स्कॅन घ्यायचं आणि चारही बाजूंना मोकळी फिल्म दिसू द्यायची. मग तिरकेपणा काढायचा. मग पट्टीतून मोकळ्या फिल्मचा आकडा टिपायचा. मग छाटायचं. त्यानंतर उलटवायचं, काळा बिंदू, म्हणजे सगळ्यात काळं काय धरायचं तो आकडा, टिपलेला आकडाही उलटवून त्यावर ठेवायचा आणि पांढरा बिंदू फक्त छाटलेल्या चित्राच्या आतून घ्यायचा.

फ्रेम उलीशी तिरकी आली आहे. कशाला समांतर धरून सरळ करू?

चित्राच्या कडेला. भोकांच्या रांगेला नाही, आणि फोटोतल्या भिंतीला किंवा क्षितिजाला तर मुळीच नाही.

चांगल्या कॅमेऱ्यात खिडकी आणि भोकांची रांग समांतर असतात, पण सगळ्याच कॅमेऱ्यात तसं असेल असं नाही. आपल्याला खिडकीचा चौकोन हवा आहे. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा वाकडा धरला असेल तर तो वाकडेपणा चित्राचाच भाग आहे. तो सुधारायचा की नाही हा वेगळा निर्णय, नंतरचा.

GIMP मध्ये Measure हे साधन घ्या, चित्राच्या वरच्या कडेच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ओढा आणि Straighten दाबा. समजा डावीकडे कड 212 व्या ओळीत आहे आणि उजवीकडे 241 व्या. 3400 पिक्सेलच्या लांबीत 29 पिक्सेलचा उतार म्हणजे जेमतेम अर्धा अंश. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण तसंच सरळ चौकटीत छाटलं तर एका कोपऱ्यात 29 पिक्सेलची काळी पाचर उरते. ती घालवायला आत कापलं तर दुसऱ्या कोपऱ्यातलं चित्र जातं.

फिरवणं एकदाच करा. प्रत्येक वेळी फिरवताना पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रवाळपणा पुसट होत जातो. कोन चुकला तर फिरवलेल्याला पुन्हा फिरवू नका, मूळ फाइलवर परत जा.

फिल्म वाकलेली असली तर मात्र चारही कडा एका वेळी सरळ होणार नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं तापलेल्या पट्ट्या पन्हळासारख्या वळतात. तेव्हा जड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवून मग स्कॅन करा. संगणकात ती वाकण सरळ करत बसण्यापेक्षा हे सोपं आहे आणि चांगलं होतं.

रात्रीचा फोटो आहे. कडेला सगळा काळोख आणि पट्टीही काळी. हद्द कशी शोधायची?

याचं उत्तर निगेटिव्हच्या एका पट्टीवरून सांगतो, कारण या पट्टीनेच मला शिकवलं.

माजलगावकडच्या एका घरातून लग्नाच्या निगेटिव्ह आल्या होत्या, कृष्णधवल, सहा फ्रेमची पट्टी. पहिल्या तीन फ्रेम दिवसा मांडवात काढलेल्या. पाचवी फ्रेम रात्रीच्या वरातीची. डोक्यावर गॅसबत्ती घेतलेला एक माणूस, मागे घोडा, नवरदेव, आणि बाकी अंधार. सॉफ्टवेअरने छाटलेली फ्रेम 3140 पिक्सेल रुंद निघाली. त्याच पट्टीवरची दिवसाची तिसरी फ्रेम मी हाताने मोजली तर ती 3412 भरली. कॅमेऱ्याची खिडकी काही दिवसा मोठी आणि रात्री लहान होत नाही. म्हणजे 272 पिक्सेल, जवळजवळ तीन मिलिमीटर चित्र, काळी पट्टी समजून कापलं गेलं होतं.

आता ते कुठल्या बाजूचं, हे कसं कळणार? इथे भोकं कामाला आली. कॅमेऱ्यातलं दातेरी चाक फिल्मला भोकांतून धरून पुढे ओढतं, प्रत्येक वेळी आठ भोकं. म्हणून एका रोलवर चित्राची डावी कड ज्या भोकापासून जितकी दूर असते, तितकीच ती पुढच्या प्रत्येक फ्रेमला, आठ-आठ भोकांनंतर, जवळपास तशीच असते.

तिसऱ्या फ्रेमची डावी कड स्पष्ट दिसत होती, 812 व्या पिक्सेलवर. तिच्या उजवीकडच्या पहिल्या भोकाची डावी कड 943 वर होती. म्हणजे चित्र भोकाच्या 131 पिक्सेल आधी सुरू होतं. पाचवी फ्रेम दोन घरं पुढे, म्हणजे सोळा भोकं पुढे. मी 943 च्या भोकापासून सोळा भोकं मोजत गेलो आणि सोळाव्याची डावी कड 8137 वर आली. त्यातून 131 गेले, 8006. तिथे पाचव्या फ्रेमची डावी कड असायला हवी. त्यात 3412 मिळवले की उजवी कड 11418.

कागदावर केलेल्या हिशोबाने वेगळं उत्तर येत होतं. सोळा भोकांचे 76 मिलिमीटर, 2400 डीपीआयने 7181 पिक्सेल, 812 मध्ये मिळवले की 7993. तेरा पिक्सेलचा फरक. स्कॅनरचा गाडा सांगितलेल्या डीपीआयवर तंतोतंत चालत नाही आणि जुनी फिल्म थोडी आकसलेलीही असते. भोकं मात्र त्याच फिल्मवर आहेत आणि त्याच गाड्याखालून गेली आहेत, त्यामुळे दोन्ही चुका त्यांनाही तशाच लागतात. मिलिमीटरने मोजू नका, भोकांनी मोजा, असं मी सांगतो ते यासाठी.

मग पडताळणी. निगेटिव्हची एक प्रत घेऊन Levels मध्ये फक्त मोकळ्या फिल्मच्या आसपासचा अरुंद पट्टा ताणला. घनदाट काळोखाच्या फोटोतही लेन्समधून थोडा विखुरलेला उजेड खिडकीच्या आत सगळीकडे पडतो. पट्टीवर तो पडत नाही, ती खिडकीमागे झाकलेली असते. म्हणून चित्रातला काळोख पट्टीपेक्षा किंचित उजळ असतो. नेहमी दिसत नाही, ताणल्यावर दिसतो. सोळा बिटांचं स्कॅन यासाठीच हवं. आठ बिटांत हा फरक एक-दोन पायऱ्यांचा उरतो आणि रव्यात बुडून जातो.

डावीकडे गॅसबत्तीच्या उजेडाचं वलय 8004 वर सरळ उभ्या रेघेत तुटलेलं दिसलं. हिशोबाशी दोन पिक्सेलचा फरक. उजवीकडे 11418 च्या अलीकडे तो किंचित उजळ काळोख होता आणि पलीकडे निव्वळ पट्टी. सॉफ्टवेअरने कापलेले 272 पिक्सेल सगळे उजवीकडचे होते.

त्या काळोखात, भिंतीला टेकून, गडद लुगड्यातली एक बाई उभी होती. चेहऱ्यावर गॅसबत्तीचा जेमतेम उजेड. पट्टी आणणाऱ्या ताईंनी बघताक्षणी ओळखलं, त्यांची मोठी आत्या. अल्बममधल्या प्रिंटवर ती कधी आलीच नव्हती.

दर वेळी भोकं मोजत बसायचं का? माझ्याकडे चारशे फ्रेम आहेत.

नाही. प्रत्येक रोलवर एक-दोन उजळ फ्रेम हाताने मोजा, त्यातून त्या कॅमेऱ्याची रुंदी आणि उंची कळते. बाकीच्यांची हद्द प्रोग्रामने शोधा आणि ज्यांची रुंदी त्या मापाशी जुळत नाही तेवढ्याच बाजूला काढून हाताने बघा. चारशेतल्या बहुतेक फ्रेम सुटतात.

प्रोग्राम लिहिताना प्रत्येक उभ्या ओळीची सरासरी घेऊ नका. काळोख्या फ्रेममध्ये बहुतेक पिक्सेल मोकळ्या फिल्मइतकेच उजळ असतात, सरासरीत एखादा दिवा हरवून जातो. त्याऐवजी निगेटिव्हमध्ये त्या ओळीतले सगळ्यात गडद पाच टक्के कुठे आहेत ते बघा. पट्टीत ते गडद पाच टक्केही मोकळ्या फिल्मजवळच असतात, चित्रात मात्र कुठे ना कुठे दिवा, कपडा, चेहरा त्यांना खाली ओढतो. अगदी किमान आकडा घेतला तर धुळीचा एकच कण फसवतो, कारण धूळही उजेड अडवते आणि निगेटिव्हमध्ये गडद दिसते.

```python
import numpy as np, tifffile
g = tifffile.imread("neg14.tif")[..., 1].astype(float)
band = g[700:1900]
base = np.median(band[:, 40:120])
col = np.percentile(band, 5, axis=0)
inside = np.where(col < 0.93 * base)[0]
print(inside[0], inside[-1], inside[-1] - inside[0] + 1)
```

ही फाइल निगेटिव्ह रूपातली, रंगीत स्वरूपात साठवलेली आणि सरळ केलेली हवी. तिच्या डाव्या-उजव्या टोकाला फक्त मोकळी फिल्म असावी, शेजारची फ्रेम किंवा होल्डर नाही. ओळी 700 ते 1900 मी मुद्दाम घेतो, म्हणजे वरखालची भोकं हिशोबात येत नाहीत. 40 ते 120 हे स्तंभ डाव्या पट्टीत पडायला हवेत. 0.93 हा आकडा माझ्या स्कॅनरवर चालतो. तुमच्याकडे दिवसाची एक फ्रेम आधी चालवून बघा. रुंदी हाताने मोजलेल्या मापाशी जुळली तर आकडा ठीक आहे.

छाटल्यावरही वरच्या-खालच्या कडेला भोकांच्या अंतराने डाग दिसतात. आणखी आत कापू का?

थांबा, आधी डाग काळे आहेत की उजळ ते बघा.

उलटवलेल्या चित्रात भोकांसमोर गडद लाटा दिसत असतील तर दोष बहुतेक स्कॅनचा आहे. विशेषतः लाइट बॉक्सवर ठेवून कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपतात तेव्हा असं होतं. भोकांतून येणारा थेट उजेड लेन्समध्ये पसरतो, शेजारचं चित्र निगेटिव्हमध्ये उजळतो, आणि उलटवल्यावर तिथे काळपट लाट येते. काळ्या कार्डशीटची पट्टी कापून भोकं झाका आणि पुन्हा टिपा, डाग जातात. फक्त चित्राच्या कडेपासून केसभर मोकळी फिल्म उघडी राहू द्या, नाहीतर काळा बिंदू घ्यायला काही उरत नाही.

डाग उजळ असतील, भोकापासून चित्रात उतरणाऱ्या फिकट रेघा असतील, तर तो दोष रोल धुतानाचा आहे. टाकी जोरात हलवली की भोकांतून रसायन वेगाने वाहतं आणि तिथे जास्त चांदी उमटते. ते फिल्मवरच आहे. पुन्हा स्कॅन करून जाणार नाही, आणि ते घालवायला अर्धा सेंटीमीटर चित्र कापू नका. हवं तर हलक्या हाताने तेवढाच भाग गडद करा.

अल्बममधल्या प्रिंटपेक्षा स्कॅनमध्ये जास्त दिसतं. मग खरं चित्र कुठलं?

दोन्ही खरे दस्तऐवज आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे. निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं. प्रिंट म्हणजे स्टुडिओवाल्याने त्यातलं जे ठेवलं ते. 24 बाय 36 चं प्रमाण एकास दीड आहे. चार बाय सहा इंचाचा कागद त्यात बसतो, तरी कड उरू नये म्हणून मशिन चारही बाजूंनी थोडं खातं. पाच बाय सातचा कागद त्याहून आखूड, आठ बाय दहाचा तर बराच आखूड. दहा इंचाच्या प्रिंटवर लांबीचा जवळजवळ सहावा हिस्सा बाहेर जातो. मोठ्या कुटुंबाच्या फोटोत टोकाला उभे राहिलेले लोक फ्रेममध्ये असूनही प्रिंटवर नसतात ते यामुळेच.

म्हणून पहिली छाटणी खिडकीच्या हद्दीपर्यंत, पूर्ण. कागदाच्या मापाची छाटणी त्याच्या प्रतीवर, वेगळ्या नावाने.

मग काठ आणि भोकं कायमची फेकून द्यायची?

अजिबात नाही. न छाटलेलं स्कॅन जपा. भोकांबाहेरच्या काठावर फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. पट्ट्या वेगवेगळ्या पाकिटांत मिसळल्या की कुठली पट्टी कुठल्या रोलची, आधी मांडव की आधी वरात, हे त्या आकड्यांवरूनच जुळवता येतं. काही जुन्या रोलवर इंदू हे नाव सापडतं. तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल. फोटोमागे काही लिहिलेलं नसलं तरी काठ एवढं तरी सांगतो. मी दोन फाइल ठेवतो, `roll07_05_full.tif` आणि `roll07_05_frame.tif`, आणि छाटणीचे चार आकडे एका वहीत लिहितो. उद्या कुणाला वाटलं की मी चुकलो, तर त्याला परत मोजता यावं.

दोन फ्रेममध्ये पट्टीच नाही, चित्रावर चित्र चढलं आहे. तेव्हा?

फिल्म पूर्ण पुढे सरकली नाही की असं होतं. जिथे दोन्ही चित्रं पडली आहेत तो भाग निगेटिव्हमध्ये जास्त गडद आणि प्रिंटमध्ये जास्त उजळ, उभ्या पट्ट्यासारखा दिसतो. त्याच्या दोन कडा म्हणजे दोन फ्रेमच्या दोन हद्दी. डावीकडची फ्रेम त्या पट्ट्याच्या उजव्या कडेपर्यंत जाते आणि उजवीकडची त्याच्या डाव्या कडेपासून सुरू होते. मधला भाग दोन्ही फाइलींत ठेवा. अशा ठिकाणी भोकं मोजून पुढची हद्द काढू नका, सरकणंच बिघडलेलं असतं.

आग्फा क्लिक थ्रीच्या चौकोनी निगेटिव्हला भोकंच नाहीत. तिथे काय?

तो 120 चा रोल. तिथे फिल्म हाताने, मागच्या लाल काचेतून आकडा बघून सरकवायची, त्यामुळे मधल्या पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या असतात आणि मोजायला भोकांसारखी मोजपट्टी नसते. मग उजळ फ्रेमवर मोजलेली रुंदी-उंची हाच आधार. चौकोन साधारण 56 मिलिमीटरचा, 2400 डीपीआयवर 5290 पिक्सेलच्या आसपास. काळोख्या फ्रेमची एक जरी उभी कड सापडली तरी दुसरी त्या मापाने काढता येते. एकही सापडली नाही, तर मी दोन्ही बाजूंनी शेजारच्या फ्रेमच्या कडेपर्यंतची सगळी पट्टी फाइलीत ठेवतो आणि ती फ्रेम छाटत नाही.